उठण्याआधी चष्मा
(१९७३ च्या मॅट्रिक तुकडीच्या सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्यात एका वर्गमित्राने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटे दिली आहेत आणि 'चष्मेवाल्या, काहीतरी उपयोगाचे सांग' अशी तंबी दिली आहे. शाळेत मागच्या बाकावर बसणाऱ्या मला आज पुढे उभे केलेत, तेव्हा तंबी पाळतो.

मघाशी खाली नावनोंदणीच्या टेबलापाशी मी जरा बाजूला उभा राहून तुम्हाला पाहत होतो. सही करायची म्हणून प्रत्येकाने खिशातून, पर्समधून वाचायचा चष्मा काढला. सही झाली, छातीवर नावाची पट्टी लागली, आणि गप्पा मारत मारत आपण सगळे जिना चढून या वरच्या वर्गात आलो. त्यातल्या चौघांच्या नाकावर वाचायचा चष्मा तसाच होता. नावे सांगत नाही. हसू नका, कारण याच चुकीची मोठी किंमत माझ्या घरात मोजली गेली आहे, आणि त्या चुकीत माझाही हात होता.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माझा थोरला भाऊ आठवत असेल. आपल्या पुढे सात वर्षे होता, आणि मला सायकलच्या नळीवर बसवून शाळेत आणायचा. दादा आता चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. चार वर्षांपूर्वी त्याच्या दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. भिंगे लांबचे स्वच्छ दिसेल अशी बसवली होती. त्यामुळे लांबचा चष्मा अगदी किरकोळ, पाऊण सिलिंडरचा. वाचायला मात्र अडीचचा हवा. प्रोग्रेसिव्ह त्याला जमला नाही, मान सारखी वरखाली करावी लागते म्हणून वैतागला. म्हणून मी त्याला दोन वेगळे चष्मे करून दिले. दादाला एक तपकिरी फ्रेम फार आवडली. म्हणाला, "अरे, दोन्ही याच कर." मी दोन्ही तशाच केल्या. चाळीस वर्षे दुकान चालवणाऱ्या माणसाने ही चूक केली.

एका दुपारी दादा माडीवर पेपर वाचत होता. खाली बेल वाजली, गॅसवाला आला होता. वहिनी मागे अंगणात. दादा उठला आणि वाचायच्या चष्म्यानिशीच जिना उतरू लागला. शेवटची पायरी उरलेली असताना त्याला वाटले आपण खाली पोचलो. सपाट जमिनीवर टाकावे तसे पाऊल टाकले आणि उजव्या हातावर पडला. मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर होते. पण खरे नुकसान त्यानंतरचे. त्याने माडीवर जाणेच सोडले. गच्चीवरची गुलाबाची पंधरा कुंड्यांची बाग वहिनींनी हळूहळू वाटून टाकली.

आता हे का घडले ते सांगतो, कारण कारण कळले की नियम लक्षात राहतो.

अडीच नंबरच्या चष्म्यातून दादाला साधारण ४० सेंटिमीटरवरचे स्पष्ट दिसते, म्हणजे हातातला पेपर. उभ्या माणसाच्या डोळ्यापासून पुढची पायरी दीड मीटरच्या पुढे असते. त्या अंतरावर त्याला जवळजवळ दोन नंबर कमी असलेल्या माणसाला चष्म्याविना दिसेल तेवढेच दिसते. समोर माणूस आहे हे कळते, म्हणून आपल्याला वाटते की दिसतेय सगळे. पण पायरीची कड ही बारीक रेघ असते, आणि तीच नेमकी विरघळते. दादाच्या घरी पायऱ्या आणि खालची फरशी एकाच करड्या रंगाची. शेवटची पायरी फरशीत मिसळून गेली.

दुसरे कारण फार जणांना माहीत नसते. वाचायचे भिंग मधोमध सरळ दाखवते, पण खालच्या भागातून पाहिले की वस्तू सरकवून दाखवते. भिंगाच्या मध्यापासून एक सेंटिमीटर खालून पाहिले, तर अडीचच्या नंबरात दीड मीटरवरची कड तिच्या खऱ्या जागेपासून पावणेचार सेंटिमीटर सरकलेली दिसते. नजर जितकी खाली, तितके सरकणे जास्त. म्हणजे कड पुसट तर असतेच, शिवाय भलत्या जागी असते. टाच अडकायला किंवा पाऊल हवेत जायला एवढा फरक पुरतो.

काही जण म्हणतील, आम्ही चष्मा नाकावर खाली ओढून वरून बघतो. टीव्ही बघायला ते चालते. जिना उतरताना नजर खालीच जाते, आणि तिथे नेमके वाचायचे भिंग असते. बायफोकलच्या खालच्या चंद्रकोरीचेही तेच. या बाबतीत ऑस्ट्रेलियात एक मोठी पाहणी झाली, ती २०१० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आली. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह वापरणाऱ्या वृद्धांना बाहेर फिरण्यासाठी फक्त लांबचा वेगळा चष्मा दिला. जे नेहमी बाहेर फिरत, त्यांचे पडणे कमी झाले. पण जे फारसे बाहेर पडत नसत, त्यांचे बाहेर पडणे-धडपडणे उलट वाढले. म्हणून तुमचा प्रोग्रेसिव्ह तुम्हाला वर्षानुवर्षे जमला असेल, तर माझे ऐकून उद्या तो फेकू नका. डोळे तपासणाऱ्याशी बोला.

ज्यांच्याकडे दोन वेगळे चष्मे आहेत, त्यांच्यासाठी मात्र सांगतो. दोन चष्मे असणे धोक्याचे नाही. धोका आहे तो एक काढून दुसरा घालायचा राहून जातो त्या क्षणात. बेल वाजते, फोन येतो, कुकरची शिट्टी होते, आणि माणूस घाईत उठतो. त्या क्षणी आठवण राहील यावर भरवसा ठेवायचा नाही. म्हणून दादाच्या घरी आम्ही एकच नियम केला: लांबचा चष्मा माणसाबरोबर फिरतो, वाचायचा चष्मा जागेवर राहतो.

म्हणजे काय केले? वाचायचे चष्मे तीन केले, साधेच. एक माडीवरच्या खुर्चीपाशी, एक जेवणाच्या टेबलावर, एक देवघरात पोथीजवळ. ते जागेवरून हलायचे नाहीत, खिशात जायचे नाहीत. त्यांच्या फ्रेमी जाड आणि लाल, काड्यांवर रबराची नळी चढवलेली, म्हणजे अंधारात हातालाही कळावे. लांबचा एकच, तपकिरी. खुर्चीच्या हातावर लाकडी वाटी ठेवली. बसले की लांबचा वाटीत, वाचायचा नाकावर. उठायचे तर आधी बसल्या बसल्याच अदलाबदल. पाय जमिनीवर टेकलेले असताना चष्मा बदलायचा, उभे राहून नाही, आणि जिन्यात तर कधीच नाही. बेल वाजली तर "आलो" म्हणून ओरडायचे आणि मग चष्मा बदलायचा. गॅसवाला अर्धा मिनिट थांबतो.

रात्रीचेही ठरवले. उशाशी फक्त लांबचा चष्मा, त्याच्या शेजारी दिव्याचे बटण. पलंगावर वाचायचे असेल तर तो चष्मा झोपताना खणात.

एक प्रश्न येतो: लांबचा सापडलाच नाही तर? दादाचा लांबचा नंबर किरकोळ आहे, म्हणून त्याने वाचायचा काढून उघड्या डोळ्यांनी उतरणे बरे. पण ज्यांचा लांबचा नंबर मोठा आहे त्यांनी तसे करू नये. त्यांनी बसून राहावे आणि कुणाला तरी हाक मारावी.

आता जिना. पडल्यानंतर मी तो जिना नीट पाहिला, तेव्हा एक गोष्ट कळली. कठडा शेवटच्या पायरीच्या आधीच संपत होता. दादाचा हात कठड्यावरच होता, आणि हातानेच त्याला सांगितले की जिना संपला. डोळा फसला आणि हाताने त्याला दुजोरा दिला. सुताराकडून तो कठडा शेवटच्या पायरीच्या पुढे फूटभर वाढवून घेतला. आता हात टोकाला पोचतो तेव्हा दोन्ही पाय जमिनीवर असतात. तुमच्या घरचा कठडा कुठे संपतो ते आज घरी गेल्यावर बघा.

प्रत्येक पायरीच्या कडेला दोन बोटे रुंद पिवळी खरखरीत पट्टी लावली. ती अगदी कडेला हवी. आत सरकवून लावली तर डोळा पट्टीलाच कड समजतो आणि पाऊल चुकते. दिव्याचे बटण वर आणि खाली दोन्हीकडे बसवले.

सवयी तीनच लावल्या. जिन्याच्या तोंडाशी थांबायचे, कठडा धरायचा, पहिल्या पायरीची कड दिसली की मगच पाऊल. चुका बहुतेक पहिल्या दोन-तीन आणि शेवटच्या दोन-तीन पायऱ्यांवर होतात, म्हणून तिथे बोलणे बंद. दुसरी, हातात काही न्यायचे नाही. पेपर, डबा, मोबाईल सगळे खांद्यावरच्या झोळीत, कारण बादली किंवा कपड्यांचा ढीग हातात असला की पाऊलच दिसत नाही. तिसरी, सैल स्लीपर घालून जिना नाही. मागे पट्टा असलेली चप्पल घालायची.

आणि एक खूण सांगतो. घरचे मोठे माणूस जिन्यात पाऊल टाकण्याआधी पायाने जमीन चाचपत असेल, किंवा चपलेचे टोक पायऱ्यांना घासून झिजले असेल, तर पडण्याची वाट न बघता चष्मा आणि जिना दोन्ही तपासा. पण दोन्ही ठीक असूनही चाचपणे थांबले नाही, उभे राहताच चक्कर येते, साखरेमुळे तळवे बधिर आहेत किंवा काचबिंदूमुळे खालच्या बाजूचे दिसत नाही, तर ते काम चष्मेवाल्याचे नाही, डॉक्टरांचे आहे.

दादा सात महिन्यांनी माडीवर गेला. पहिल्या दिवशी मी त्याच्या दोन पायऱ्या खाली, तोंड त्याच्याकडे करून उतरलो. सायकलवर मला सांभाळणारा माणूस कठडा घट्ट धरून म्हणाला, "तू पडशील, पुढे बघ." या पावसाळ्यात गच्चीवर पुन्हा चार कुंड्या आल्या आहेत.

आता संयोजक जेवणाची घंटा देतील, आणि जेवण खाली आहे. समोरची कार्यक्रमपत्रिका वाचायला तुमच्यापैकी निम्म्यांनी चष्मा लावलेला मला इथून दिसतो आहे. माझी एकच विनंती आहे. उठू नका. आधी बसल्या जागीच तो चष्मा काढा, लांबचा असेल तर घाला, आणि मग उठा. आपल्या शाळेचा कठडा तसाच भक्कम आहे. लहानपणी त्यावरून घसरल्याबद्दल सरांनी आपल्याला छड्या मारल्या होत्या. आज तो फक्त धरा.