वीस लाखांच्या आतही कर लागतो

ग्रॅच्युइटी वीस लाखांपर्यंत करमुक्त, एवढंच बहुतेकांना ठाऊक असतं. सरकारी कर्मचाऱ्यांची ग्रॅच्युइटी तर पूर्णच करमुक्त असते. खासगी नोकरीत मात्र हिशेब वेगळा.

समजा, भोसरीच्या एका कारखान्यातले फोरमन निवृत्त झाले. कारखान्याला ग्रॅच्युइटी कायदा लागू आहे. त्यांचं शेवटचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून महिना ७८,००० रुपये. नोकरी ३० वर्षं ७ महिने. सहा महिन्यांहून जास्त काळ पूर्ण वर्ष धरला जातो, म्हणून ३१ वर्षं. कंपनीनं खूश होऊन हातावर ठेवले १६ लाख.

आता ७८,००० ला २६ नं भागलं, की एका दिवसाचे ३,००० रुपये. पंधरा दिवसांचे ४५,०००. त्याला ३१ नं गुणलं, की १३ लाख ९५ हजार.

हातात आलेली रक्कम, हा हिशेब आणि २० लाखांची मर्यादा, या तिघांत जे सर्वांत कमी तेवढंच करमुक्त. म्हणजे उरलेले २ लाख ५ हजार त्या वर्षीच्या पगारी उत्पन्नात जमा होतात आणि त्यावर स्लॅबप्रमाणे कर लागतो.

आणखी एक मेख आहे. २० लाखांची मर्यादा दर नोकरीला नव्यानं मिळत नाही, ती आयुष्यभरासाठी एकच. फोरमननी आधीच्या कंपनीच्या ग्रॅच्युइटीवर ८ लाखांची सूट घेतली असेल, तर आता १२ लाखच उरतात. मग करपात्र रक्कम होते ४ लाख. जुन्या सूटीची माहिती नव्या कंपनीला दिली नाही, तर टीडीएस कमी कापला जातो आणि फरक विवरणपत्र भरताना खिशातून भरावा लागतो.