दिवे घाटाचे आठ फोटो



ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याहून सासवडला निघते, त्या दिवशी मी वारकऱ्यांबरोबर दिवे घाट चढलो. रात्री मोबाइलमध्ये 140 फोटो होते. इन्स्टाग्रामवर एका पोस्टमध्ये 2017 साली 10 फोटो बसायचे, आता 20 बसतात. मी आठच ठेवले.

आधी सारख्या फोटोंचे गट केले. पताकांचेच तीसेक निघाले! प्रत्येक गटातून एकच ठेवायचा, असं ठरवलं. तो काढून टाकला तर वाटचालीतलं काही कमी होतं का, एवढंच बघत गेलो.

पहिला म्हणून मी घाटाचा आडवा, लांबवरचा फोटो लावला होता. अडचण तिथेच झाली. पहिल्या फोटोची चौकट पुढच्या सगळ्यांना लागू होते. त्यामुळे एका वारकरी आजींच्या उभ्या फोटोत डोक्यावरचं तुळशीवृंदावनच कापलं गेलं. मग आजींनाच पुढे आणलं, चार रुंद आणि पाच उंच अशा उभ्या चौकटीत. घाटाचा फोटो दुसरा घेतला, वळणावरून उभा काढलेला. वर चढत गेलेला रस्ता आणि त्यावरची माणसांची रांग उभ्या चौकटीत जास्त चांगली दिसते, हे तेव्हा कळलं.

दूरच्या दृश्यानंतर जवळचं काहीतरी हवं, म्हणून तिसरा टाळ धरलेल्या हातांचा. चौथ्यात पुन्हा अख्खी दिंडी, पाचव्यात चिखलाने भरलेले पाय, सहाव्यात पावसात इरली-प्लास्टिक पांघरून चाललेला घोळका.

आता दिशेचं सांगतो. आपण बोट डावीकडे सरकवतो आणि पुढचा फोटो उजवीकडून येतो. चालणारी माणसं उजवीकडे तोंड करून असली, तर नजर आपोआप पुढे जाते. माझ्याकडे एक वारकरी डावीकडे, म्हणजे आलेल्या वाटेकडे वळून पाहणारा होता. मधे ठेवला की चाल अडायची. फोटो आरशासारखा उलटा करता आला असता, पण मागच्या ट्रकवरची दिंडीच्या नावाची अक्षरंही उलटी झाली असती, आणि ते खोटंही ठरलं असतं. त्याला सातवा केला. घाट चढून झाल्यावर मागे पाहणं तिथे शोभलं. आठवा सासवडच्या मुक्कामातला, तंबूच्या दोरीवर वाळत घातलेल्या धोतरांचा.

शेवटी आठही फोटो छोटे करून, मोबाइल हातभर लांब धरून पाहिले. असं पाहिलं की चेहरे दिसत नाहीत, नुसते आकार आणि रंग दिसतात, आणि सारखे दोन आले असतील तर लगेच कळतात. चौथा आणि सहावा दोन्ही घोळक्यांचे होते. पण एकात ऊन, दुसऱ्यात पाऊस, म्हणून राहू दिले.

सगळ्यात सुंदर फोटो मात्र या आठांत नाही. बापाच्या खांद्यावरून थेट कॅमेऱ्यात पाहणारं लेकरू. कुठेही ठेवलं तरी नजर त्याच्यापाशीच थांबायची, पुढचे फोटो कुणी पाहिलेच नसते. तो दुसऱ्या दिवशी एकटाच टाकला, त्याच्या बाबांना विचारून.