हिंदींतील सांत्वनपत्र

वाशीम जिल्ह्यांतील मालेगांव हें अकोला-वाशीम रस्त्यावरचें तालुक्याचें गांव. नाशिककडील मालेगांवाहून तें निराळें. याच तालुक्यांत शिरपूर येथें अंतरिक्ष पार्श्वनाथाचें मंदिर असल्यामुळें गुजरातेंतून आणि राजस्थानांतून यात्रेकरूंचें येणेंजाणें आहे. शिवाय 1956 पर्यंत सारा विदर्भ मध्य प्रदेश राज्यांत होता. त्यामुळें येथील मराठी माणसाच्या कानाला हिंदी परकी नाहीं. बाजारांत तो ती सहज बोलतो. परंतु बोलणें निराळें आणि लिहिणें निराळें. त्यांतहि शोकाच्या प्रसंगीं लिहिणें अधिकच निराळें. हिंदी बोलण्यांत झालेली चूक हंसण्यावारी जाते. ज्याच्या घरीं वडील वारले, त्याच्या हातीं पडलेल्या पत्रांतील चूक मात्र त्याला विसरतां येत नाहीं, आणि तो ती दाखवूनहि देत नाहीं.

अशी कल्पना करावी कीं, मालेगांवांतील एका कार्यालयांत एक मराठी लेखनिक आहे. त्याच्या शेजारच्या टेबलावर काम करणारा सहकारी मूळचा राजस्थानांतला. वयानें पांचसहा वर्षांनीं मोठा. वडील अत्यवस्थ असल्याचें कळून तो गांवीं गेला आणि चार दिवसांनीं त्यांच्या निधनाची वार्ता कार्यालयांत आली. लेखनिकानें सर्वांच्या वतीनें पत्र लिहावयास घेतलें. मनांत मराठी वाक्यें होतीं. त्यांतील एकेक शब्द बदलून त्यानें पुढील मसुदा केला:

“प्रिय भाई, अपने पिताजी का मृत्यु हुआ यह सुनकर हमें बहुत बुरा लगा। ईश्वर उनके आत्मा को शांति दे। हम सबकी ओर से तुमको श्रद्धांजलि।”

हेतु चांगला, शब्द ओळखीचे, आणि तरीहि जवळजवळ प्रत्येक वाक्यांत कांहीं तरी बिघडलें आहे. पाहण्यासारखी गोष्ट ही कीं, बिघाड मोठ्या शब्दांत फारसा नाहीं. ईश्वर, आत्मा, शांति, शक्ति हे संस्कृत शब्द दोन्ही भाषांचे समाईक. त्यांना धक्का लागत नाहीं. पत्र घसरतें तें लहान शब्दांवर.

पहिला लहान शब्द ‘अपने’. मराठींत ‘आपले वडील’ म्हटलें म्हणजे समोरच्या माणसाचे वडील, आदरानें, असाहि अर्थ होतो आणि स्वतःचे वडील असाहि होतो. हिंदींत ही दुहेरी सोय नाहीं. तेथें ‘अपना’ हा शब्द वाक्यांतल्या कर्त्याकडे परत जातो. ऐकणारे ‘हम’, तेव्हां ‘अपने पिताजी’ म्हणजे ऐकणाऱ्यांचेच वडील. म्हणजे सांत्वन करूं पाहणाऱ्या लेखनिकानें सहकाऱ्याला कळविलें काय, तर स्वतःचेच वडील वारल्याचें ऐकून दुःख झालें! प्रसंगावरून वाचणारा खरा अर्थ लावून घेतो. पण शोकांत असलेल्या माणसावर अर्थ लावून घेण्याचें ओझें टाकूं नये. ‘आपके पिताजी’ एवढें लिहिलें कीं शंका राहत नाहीं.

दुसरा शब्द ‘तुमको’. मराठी ‘तुम्ही’ आदरार्थी आहे, म्हणून हिंदी ‘तुम’ हि तसाच असावा, असें वाटतें. परंतु ‘तुम’ बरोबरीच्या जिवलगाला किंवा लहानाला. वयानें मोठ्या सहकाऱ्याला, त्यांतहि त्याच्या वडिलांचा उल्लेख करतांना, ‘आप’ च पाहिजे. आणि ‘आप’ एकदां घेतला कीं क्रियापदानेंहि त्याच्या मागें चाललें पाहिजे. ‘आप चिंता मत करो’ हें बोलण्यांत चालून जातें. पत्रांत ‘आप चिंता न कीजिए’ असें हवें. आरंभींचें ‘प्रिय भाई’ हि याच कारणानें थोडें उणें पडतें. वऱ्हाडांत ‘भाऊ’ म्हणण्यांत जो मान आहे, तो हिंदींत ‘भाई साहब’ म्हटल्यानें येतो.

तिसरी अडचण लिंगाची. मराठींत मृत्यु आणि आत्मा हे दोन्ही शब्द पुल्लिंगी. हिंदींत दोन्ही स्त्रीलिंगी. म्हणून ‘उनके आत्मा को’ नव्हे, ‘उनकी आत्मा को’. आणि ‘का मृत्यु हुआ’ नव्हे, ‘की मृत्यु हुई’. पण मृत्यु हा शब्दच येथें न घातलेला बरा. तो बातमींत किंवा दाखल्यांत शोभतो. मुलाला त्याच्या पित्याविषयीं लिहितांना कठोर वाटतो. त्या जागीं हिंदींत निधन, देहांत, देहावसान आणि स्वर्गवास असे शब्द आहेत, आणि लिहिणाऱ्याच्या सुदैवानें ते चारहि पुल्लिंगी आहेत: ‘के निधन का समाचार’, ‘के स्वर्गवास का समाचार’. देहावसान किंचित् जड, स्वर्गवास श्रद्धेचा आणि घरगुती, निधन कोठेंहि चालणारा. ‘चल बसे’, ‘गुज़र गए’, ‘नहीं रहे’ हे प्रयोग बोलण्यांतले आहेत. घरचीं माणसें ते वापरतात, पण बाहेरच्यानें पत्रांत लिहिण्याजोगे ते नव्हेत. मराठींतला ‘कै.’ हा संक्षेपहि हिंदी वाचणाऱ्याला उलगडत नाहीं. तेथें ‘स्व.’ म्हणजे स्वर्गीय असें लिहितात.

चौथी चूक सर्वांत फसवी आहे. ‘वाईट वाटलें’ याचें सरळ रूप ‘बुरा लगा’ असें दिसतें. हिंदींत मात्र ‘बुरा लगना’ याचा नेहमींचा अर्थ मनाला लागणें, एखाद्याच्या वागण्याचा राग येणें. उत्तरेकडे ‘आपको बुरा लगा क्या?’ असें विचारतात, तें टोचून बोललेल्याबद्दल. निधनाच्या वार्तेला ‘बहुत दुःख हुआ’ हे साधे तीन शब्द पुरतात. ‘अत्यंत दुःख हुआ’ म्हणावें तर तेंहि रूढ आहे. ‘गहरा आघात लगा’ असें मात्र तेव्हांच लिहावें, जेव्हां लिहिणाऱ्याचा मृताशीं खरोखर निकटचा संबंध होता.

शेवटीं श्रद्धांजलि. ती वाहावयाची असते गेलेल्याला. राहिलेल्याला द्यावयाची ती संवेदना. ‘तुमको श्रद्धांजलि’ या शब्दांनीं जिवंत माणसालाच अंजलि वाहिली जाते. हिंदींत ‘पिताजी को हमारी विनम्र श्रद्धांजलि’ आणि ‘आपके प्रति हमारी हार्दिक संवेदना’ अशी वाटणी आहे. मराठी माणसाला ‘संवेदना’ म्हटलें कीं ज्ञानेंद्रियांची जाणीव आठवते, म्हणून तो हा शब्द टाळतो आणि सहवेदना किंवा दुखवटा यांसाठीं हिंदी शब्द शोधीत बसतो. प्रत्यक्षांत हिंदींत त्या जागेचा शब्द हाच आहे.

एवढें दुरुस्त केल्यावर पत्र निर्दोष होईल, परंतु तें कोणाचेंहि कोणालाहि होईल. रूढ वाक्यांचा उपयोग असा कीं, तीं पत्राच्या दोन्ही टोकांना आधार देतात. मधली जागा लिहिणाऱ्यानें आपल्या माहितींतल्या एका खऱ्या गोष्टीनें भरावी, आणि तिच्यापुढें, शक्य असल्यास, आपण उचलूं शकतों असें एखादें काम सांगावें. आपल्या लेखनिकाचें पत्र मग असें होतें:

“आदरणीय भाई साहब, सादर नमस्कार। आपके पूज्य पिताजी के स्वर्गवास का समाचार सुनकर हम सबको बहुत दुःख हुआ। पिछले वर्ष वे यहाँ आए थे, तब बरामदे में बैठकर उन्होंने हम सबसे देर तक बातें की थीं। वह दिन हमें याद है। ईश्वर दिवंगत आत्मा को शांति दे और आपको तथा माताजी को यह दुःख सहने की शक्ति दे। यहाँ के काम की चिंता न कीजिए. इस महीने का हिसाब हम पूरा कर देंगे। इस दुःख की घड़ी में हम सब आपके साथ हैं।”

यांत पहिलें, चौथें आणि शेवटचें वाक्य रूढ आहे. हजारों पत्रांत तीं आलेलीं आहेत आणि त्यांत कमीपणा कांहींच नाहीं. ओळखीचे शब्द शोकाच्या वेळीं वाचावयास सोपे जातात. बरामद्यांतली आठवण आणि महिन्याचा हिशेब हीं दोन मात्र याच पत्राचीं आहेत. आठवण नसेल तर ती रचूं नये. ‘उनके दर्शन का अवसर हमें नहीं मिला’ असें खरें तें लिहावें आणि मुलाच्या तोंडून वडिलांविषयीं जें ऐकलें असेल तें सांगावें. ‘माताजी’ हा शब्द घालण्यापूर्वीं त्या हयात आहेत ना, हें विचारून घ्यावें. नसतील तर ‘परिवार को’ म्हणावें. ‘अपूरणीय क्षति’ हा शब्दप्रयोग येथें मुद्दाम घेतलेला नाहीं. तो सभेच्या ठरावांत ठीक दिसतो. सहकाऱ्याच्या हातीं दिलेल्या चिठ्ठींत त्याच्यामुळें कार्यालयाचा शिक्का बसल्यासारखें होतें. ‘यहाँ सब कुशल है’ या नेहमींच्या पत्रांतल्या वाक्यालाहि येथें स्थान नाहीं.

सहकारी मुसलमान असेल तर मात्र हा सांचा बदलतो, कारण स्वर्गवास आणि आत्म्याची शांति हे शब्द त्याच्या धर्माचे नव्हेत. तेथें ‘आपके वालिद साहब के इंतक़ाल की ख़बर सुनकर बहुत दुःख हुआ’ असें लिहून ‘अल्लाह मरहूम को जन्नत नसीब करे और आपको सब्र दे’ असें म्हणतात. इंतक़ाल पुल्लिंगी, पण ख़बर स्त्रीलिंगी. म्हणून ‘इंतक़ाल की ख़बर’. उसनी शब्दरचना पेलत नसेल तर निधन आणि दुःख हे साधे शब्द, आणि शेवटीं ‘हम सब आपके साथ हैं’, हें कोणत्याहि घरीं चालतें.

पत्र शक्यतों ‘तेरहवीं’ पूर्वीं, म्हणजे तेराव्याच्या आधीं पोहोंचावें. त्या दिवसांपर्यंत घरांत माणसांचा राबता असतो आणि आलेलीं पत्रें वाचून दाखविलीं जातात. उशीर झाल्यास लांबलचक क्षमा मागूं नये. ‘समाचार हमें देर से मिला’ एवढें सांगून पुढें जावें. पाठविण्यापूर्वीं पत्र एकदां केवळ लहान शब्दांसाठीं वाचावें: ‘अपने’ कोठें ‘आपके’ च्या जागीं तर बसलें नाहीं, आत्म्याच्या आधीं ‘की’ आहे ना, आणि श्रद्धांजलि कोणाला वाहिली आहे. हीं तीन ठिकाणें नीट असलीं, तर बाकीच्या एखाद्या मराठी वळणाकडे वाचणारा मायेनेंच पाहील.