भूतकाळातला ‘ने’



व्याकरणाच्या स्वाध्यायात एक वाक्य येतं.
‘सीमा आंबा खाते.’
हा झाला वर्तमानकाळ.

भविष्यकाळ सोपा.
‘सीमा आंबा खाईल.’
फक्त क्रियापद बदललं.

भूतकाळात मात्र मुलं अडखळतात.
कुणी लिहितं, ‘सीमा आंबा खाल्ली.’
हे चुकलं.
बरोबर वाक्य आहे, ‘सीमाने आंबा खाल्ला.’

इथे कर्त्याला ‘ने’ लागला,
आणि क्रियापद कर्माप्रमाणे बदललं.
आंबा पुल्लिंगी, म्हणून ‘खाल्ला’.
पोळी असती, तर ‘खाल्ली’.

कर्म नसेल, तर बहुधा ‘ने’ येत नाही.
‘सीमा धावते.’ ‘सीमा धावली.’

काही क्रियापदं मात्र अपवाद आहेत.
‘सीमा धडा विसरली.’
इथे कर्म असूनही ‘ने’ नाही.

तेव्हा भूतकाळ करताना आधी कर्म शोधावं,
मग कर्त्याचा ‘ने’ तपासावा.