तांब्याच्या पट्ट्यांची प्रदक्षिणा

पनवेलहून खारघरकडे जाताना महापारेषणचे ४०० केव्हीचे उपकेंद्र लागते. तिथली अवाढव्य रोहित्रे आपण बाहेरून पाहिलेली असतात. आज मला तुम्हाला टाकीच्या आत न्यायचे आहे, तेही फक्त तांब्यापर्यंत. सोयीसाठी उदाहरण घेतो नाशिकजवळच्या एकलहरे केंद्रासारख्या २१० मेगावॅटच्या संचाचे. त्याचे जनित्र १५.७५ केव्हीला वीज देते आणि त्याच्या रोहित्राची क्षमता साधारण २५० एमव्हीए असते. कमी दाबाची गुंडाळी डेल्टात जोडलेली, म्हणजे प्रत्येक फेजच्या तांब्यातून सुमारे ५,२९० अँपियर वाहणार. दर चौरस मिलिमीटरला तीन अँपियर धरले, तर साडेसतराशे चौरस मिलिमीटरहून अधिक तांबे लागते. मनगटाएवढा जाड दांडा!

मग तो दांडाच का गुंडाळत नाहीत? पुस्तकात पहिले उत्तर मिळते स्किन इफेक्टचे: प्रत्यावर्ती प्रवाह वाहकाच्या पृष्ठभागाकडे सरकतो. ५० हर्ट्झला, तापलेल्या तांब्यात तो शिरतो ती खोली सुमारे १०.३ मिलिमीटर असते. दांड्याला ते लागू पडेल. पण गुंडाळीतल्या पट्ट्या दोनेक मिलिमीटरच्या असतात. त्यांना स्वतःच्या प्रवाहाचा स्किन इफेक्ट जवळपास जाणवतच नाही. खरा त्रास शेजाऱ्यांचा आहे. दोन गुंडाळ्यांच्या मधल्या फटीतून गळतीचे चुंबकीय क्षेत्र उभे वर जाते आणि ते तांब्यालाही भेदते. त्यामुळे प्रत्येक पट्टीच्या आत भोवरा प्रवाह फिरू लागतात. ते कोणतेही काम करत नाहीत, नुसती उष्णता देतात.

आपल्या रोहित्रात ८० वेढे आणि गुंडाळीची उंची २.२ मीटर धरू. फटीतले क्षेत्र शिखरावर सुमारे ०.३४ टेस्ला येते. पट्टी दोन मिलिमीटर जाड असेल, तर भोवऱ्यांचा व्यय गुंडाळीभर सरासरी मूळ व्ययाच्या १६ टक्के होतो. जाडी सहा मिलिमीटर केली की तो नऊपट होऊन मूळ व्ययाच्याही वर जातो, कारण तो जाडीच्या वर्गाने वाढतो. सरासरीवर समाधान मानू नका. फटीला चिकटलेल्या पट्टीत तो सरासरीच्या तिप्पट असतो, आणि गुंडाळीच्या दोन्ही टोकांना क्षेत्र आडवे वळून पट्टीच्या रुंद बाजूवर आदळते. सर्वांत गरम जागा बहुधा तिथेच सापडते.

म्हणून तांबे चिरायचे: दोन बाय सात मिलिमीटरच्या सव्वाशेच्या आसपास पट्ट्या, प्रत्येकीला एनॅमल. प्रश्न सुटला? नाही. फटीजवळच्या दोन शेजारी पट्ट्या घ्या. त्यांच्यामधून जाणाऱ्या गळतीमुळे एका वेढ्यात अर्ध्या व्होल्टहून थोडा जास्त दाब निर्माण होतो, ८० वेढ्यांत सुमारे ४५ व्होल्ट. दोन्ही टोकांना पट्ट्या ब्रेझिंगने एकत्र जोडलेल्या, त्यामुळे फेरा पूर्ण होतो. तीनशे मीटर जाऊन तीनशे मीटर परत येण्याचा रोध सुमारे ०.९ ओहम. म्हणजे ५० अँपियर नुसते गोल फिरणार, जेव्हा त्या पट्टीचा हक्काचा प्रवाहच ४२ अँपियर आहे. वाटेतले एनॅमल इथे काहीच करू शकत नाही.

उपाय असा, की प्रत्येक पट्टीने आतली-बाहेरची प्रत्येक जागा सारख्या लांबीसाठी धरायची. लुडविग रोबेल यांनी १९१२ मध्ये ब्राऊन बोव्हेरीत जनित्राच्या दांड्यासाठी हे सुचवले. रोहित्रातली सीटीसी केबल त्याच घराण्यातली. विषम संख्येच्या, समजा ४३, पट्ट्या दोन थप्प्यांत रचतात आणि मध्ये कागदाची पट्टी ठेवतात. दर थोड्या अंतरावर एका थप्पीची सर्वांत वरची पट्टी शेजारच्या थप्पीवर सरकते आणि तिकडची सर्वांत खालची इकडे येते. ४३ पायऱ्यांनी प्रत्येक पट्टीची प्रदक्षिणा पूर्ण होते. तीनशे मीटरच्या वाटेत अशा अनेक प्रदक्षिणा होतात, म्हणून सगळ्या पट्ट्यांत जवळपास समान दाब निर्माण होतो आणि फिरता प्रवाह उरत नाही. बाहेरून सगळ्यावर कागद. अशा तीन केबल समांतर असतील, तर त्यांचीही आपसात अदलाबदल करावी लागते. हे विसरले, तर आतल्या मेहनतीवर पाणी पडते.

पट्टी आणखी बारीक का करत नाहीत? एनॅमल तांब्याची जागा खाते, आणि शॉर्टसर्किटच्या धक्क्यात बारीक पट्ट्या कलंडतात. त्यासाठी एपॉक्सी लावून, भट्टीत तापवून त्या एकजीव करतात.

एनॅमल एका जागी सोलले, तरी दोन पट्ट्या भिडतात आणि फिरत्या प्रवाहाला आडवाट मिळते. गुंडाळीचा डीसी रोध मोजून हे कळत नाही. लोड लॉस चाचणीत हा दोष व्ययातली वाढ म्हणून दिसू शकतो. सेवेत असताना तेलातला इथिलीन वायू इशारा देतो, पण तोवर तिथला कागद भाजलेला असतो.

इथे बसलेल्या तरुण अभियंत्यांना माझे एवढेच सांगणे आहे. कारखान्यात रोहित्राची तपासणी करायला गेलात, तर ब्रेझिंगच्या आधी पट्ट्या-पट्ट्यांमधली इन्सुलेशन चाचणी स्वतः उभे राहून बघा, आणि तिची नोंद हातात आल्याशिवाय सही करू नका.