पोह्यांबरोबरचा चहा



पुण्यात सकाळी नाश्त्याच्या गाडीवर पोह्यांची बशी रिकामी होते न होते, तोच चहाचा कप हातात येतो. रक्त कमी असणाऱ्यांनी लक्ष द्यायला हवं ते याच वेळेकडे.

पोहे, भाकरी, डाळी, पालेभाज्या यांतलं लोह मुळात थोडंच शोषलं जातं. चहा-कॉफीतली पॉलिफेनॉल नावाची द्रव्यं पोटात त्या लोहाला बांधून ठेवतात, आणि ते रक्तात न जाता शरीराबाहेर पडतं. चहात दूध घातलं म्हणून ही बांधणी सुटत नाही. मटण-मासळीतल्या लोहाला हा अडथळा फारसा होत नाही. फटका बसतो तो शाकाहारी ताटाला.

बंगळूरच्या सेंट जॉन्स संस्थेतल्या संशोधकांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे मोजलेलं आहे. तरुण स्त्रियांना भाताचं जेवण दिलं, कधी चहासह, कधी चहाविना. एका कपानं लोहाचं शोषण निरोगी स्त्रियांत 49 टक्क्यांनी घटलं, तर रक्तक्षय असलेल्यांत 59 टक्क्यांनी. दोन कपांनी ते दोन्ही गटांत सुमारे दोन तृतीयांश उतरलं. उलट, जेवणात क जीवनसत्त्व मिसळलं तेव्हा शोषण तिपटीच्या आसपास वाढलं. पोह्यांवर लिंबू पिळायची आपली रीत म्हणूनच मोलाची. फक्त ते गॅस बंद केल्यावर पिळावं, कारण उष्णतेनं हे जीवनसत्त्व कमी होतं.

मग चहा घ्यायचा कधी? कॉफीवरच्या 1983 च्या एका अमेरिकी प्रयोगात जेवणाआधी तासभर घेतलेल्या कॉफीनं काही बिघडलं नाही. जेवणानंतर तासाभरानं घेतलेली मात्र जेवणासोबतच्या कॉफीइतकीच नडली. अन्न तेव्हा पोटातच असतं. चहाच्या बाबतीत तासाभराच्या अंतरानं अडथळा सौम्य झालेला दिसला आहे. म्हणून खाण्याआधी एक तास आणि खाल्ल्यावर दीड-दोन तास, हा हिशेब सोयीचा.

घरच्या वेळापत्रकात तो सहज बसतो. उठल्यावरचा चहा साडेसहाला, पोहे आठला. जेवण एकला, दुपारचा चहा साडेतीनला. हलवायचा तो फक्त पोह्यांसोबतचा कप आणि जेवणावरची कॉफी.

हिमोग्लोबिन चांगलं असलेल्यांनी याची धास्ती घेऊ नये. पाळीत जास्त रक्तस्राव होणाऱ्या मुली, गरोदर स्त्रिया आणि पूर्ण शाकाहारी मंडळींनी मात्र वेळ पाळावी. सतत थकवा, जिना चढताना धाप अशी लक्षणं असतील तर चहाची वेळ बदलून भागणार नाही. डॉक्टरांच्या सल्ल्यानं हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही तपासावं; शरीरातला लोहाचा साठा हिमोग्लोबिन उतरण्याआधीच आटू लागतो आणि तो फेरिटिनमध्ये दिसतो. लोहाची गोळी सुरू झालीच, तर ती चहाबरोबर किंवा दुधाबरोबर न घेता साध्या पाण्याबरोबर किंवा लिंबूपाण्याबरोबर घ्यावी.