तात्यांचं पत्र आणि १८ मे ही तारीख

आजचा भाग एका पत्राबद्दल आहे. मागच्या वेळी अनेकांनी विचारलं होतं, "मोठी कंपनी पैसे थकवते, तिला लिहायचं तरी काय?" म्हणून २०२४ च्या नोव्हेंबरातला एक प्रसंग सांगतो.

मी साताऱ्यात छोट्या कारखान्यांचे हिशेब आणि पत्रव्यवहार बघतो. कुपवाडच्या एमआयडीसीतल्या एका कास्टिंगवाल्यांचा फोन आला. वय साठीचं, त्यांना सगळे तात्या म्हणतात. "आवो, एक पत्र लिवलंय, जरा बघून द्या." सांगलीला जायचंच होतं, म्हणून गेलो. मशीनशॉपच्या शेजारच्या केबिनमध्ये बसलो आणि चहा येईपर्यंत पत्र वाचून काढलं.

पत्राचा मजकूर थोडक्यात असा: 'आपण आमच्या बिलाचे पैसे बुडवत आहात. बिलावर छापल्याप्रमाणे २४ टक्के व्याजाने ६१,२८२ रुपये व्याज सात दिवसांत द्यावे, अन्यथा कोर्टात खेचू व आपली बदनामी होईल.'

राग समजू शकत होतो. तात्यांचा निम्म्याहून जास्त माल त्याच एका कंपनीला जातो. चार लाखांचं बिल अडकलं की कोळशाचे, विजेचे, माणसांच्या पगाराचे पैसे तात्या बँकेच्या कॅश क्रेडिटवरून उचलतात. पण हे पत्र त्या कंपनीच्या अकाउंट्स खात्यात गेलं असतं, तर तिथल्या माणसाने त्यातल्या तीन चुका पहिल्या मिनिटात शोधल्या असत्या आणि मग पुढचं वाचलंच नसतं.

पहिली चूक म्हणजे २४ टक्के. बिलाच्या तळाशी आपण काहीही छापलं, म्हणून समोरच्याने ते मान्य केलं असं होत नाही. आणि त्याची गरजही नव्हती. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याचं कलम १६ स्वतःच दर ठरवून देतं: रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, आणि दर महिन्याला व्याज मुद्दलात मिळवून, म्हणजे चक्रवाढ. करारात काहीही लिहिलेलं असलं तरी हे लागू होतं. इथे बँक रेट बघायचा, रेपो रेट नव्हे. बातम्यांमध्ये रेपोच ऐकायला मिळतो, म्हणून गोंधळ होतो. त्या काळात बँक रेट ६.७५ टक्के होता. तिप्पट केला की २०.२५.

दुसरी चूक तारखेची. तात्यांनी बिलाच्या तारखेपासून, ३० मार्चपासून, व्याज लावलं होतं. कायदा बिल बघत नाही, माल कधी पोचला ते बघतो. मी विचारलं, "गेटवरचा शिक्का कुठंय?" फाइलमधून कंपनीची माल मिळाल्याची पावती, जीआरएन, निघाली. तारीख ३ एप्रिल. कंपनीच्या पीओवर '९० दिवसांत पैसे' असं होतं. तात्यांना वाटत होतं, आपण सही केली, आता नव्वद दिवस सोसायलाच हवेत. पण कलम १५ म्हणतं की लेखी मुदत ठरली असली तरी ती ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही. (लेखी काहीच ठरलं नसेल, तर १५ दिवस.) ३ एप्रिलमध्ये ४५ मिळवा, १८ मे येतो. व्याज १९ मेपासून.

आता हिशेब करू. मुद्दल ४ लाख. दरमहा दर २०.२५ भागिले १२, म्हणजे १.६८७५ टक्के. पहिल्या महिन्याचं व्याज ६,७५० रुपये. दुसऱ्या महिन्यात ते मुद्दलात मिळालं, म्हणून ४,०६,७५० वर ६,८६४. असं १८ नोव्हेंबरपर्यंत सहा महिने चालवलं, तर एकूण व्याज ४२,२४८ रुपये. तात्यांच्या आकड्यापेक्षा १९ हजारांनी कमी! ते जरा हिरमुसले. मी म्हटलं, "तात्या, ६१ हजार मागितले तर वाद आकड्यावर होईल. ४२ हजारांचा आकडा त्यांचाच ऑडिटर मांडून बघेल आणि तोच येईल."

तिसरी गोष्ट तात्यांनी आधी सांगितलीच नव्हती. दुसरं एक बिल होतं, १ लाख ६० हजारांचं. माल २० एप्रिलला पोचला, आणि २७ एप्रिलला कंपनीचा ई-मेल आला होता की बारा कास्टिंगमध्ये छिद्रं आहेत. तात्यांनी ती बदलून दिली, १४ मेला. माल मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी हरकत आली असेल, तर ती दूर झाल्याचा दिवस हा माल स्वीकारल्याचा दिवस. म्हणून या बिलाची मुदत १४ मेपासून, म्हणजे २८ जूनपर्यंत. "त्यो मेल कशाला काढता?" असं तात्या म्हणाले. पण तो मेल कंपनीकडेही आहे. आपण लपवला, तर पहिल्या बिलाचा खरा दावाही संशयात येतो. आम्ही दोन्ही बिलांचे वेगळे तक्ते जोडले आणि मेलची तारीख स्वतःच लिहिली.

'पैसे बुडवत आहात' आणि 'बदनामी' हे शब्द मी काढले. त्यांच्या जागी हे आलं:

'सदर माल आपणांस दि. ३ एप्रिल २०२४ रोजी मिळाला असून पंधरा दिवसांत कोणतीही लेखी हरकत आलेली नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ च्या कलम १५ प्रमाणे देय दिनांक १८ मे २०२४ होता. कलम १६ प्रमाणे १८ नोव्हेंबरपर्यंतचे व्याज रु. ४२,२४८ होते, तक्ता सोबत जोडला आहे. मुद्दल व व्याज मिळेपर्यंत व्याज याच पद्धतीने वाढत राहील. पंधरा दिवसांत रक्कम न मिळाल्यास आम्हांस कलम १८ खाली सुविधा परिषदेकडे दाद मागावी लागेल. आपल्यासोबतचे व्यवहार पुढेही सुरू राहावेत, अशी आमची इच्छा आहे.'

वर तात्यांचा उद्यम नोंदणी क्रमांक आणि नोंदणीची तारीख लिहिली. ती २०२१ ची होती, मालाच्या आधीची, हे महत्त्वाचं. माल दिल्यानंतर नोंदणी करून जुन्या बिलांवर या कायद्याचा आधार तेव्हा घेता येत नव्हता. आणि हे फक्त सूक्ष्म व लघु उद्योगांना. मध्यम उद्योगाला हे व्याज मागता येत नाही.

एक ओळ अकाउंट्सच्या माणसासाठी मुद्दाम घातली: 'कलम २२ प्रमाणे ही थकबाकी व व्याज आपल्या वार्षिक हिशेबात दाखवणे आवश्यक आहे, कृपया नोंद घ्यावी.' आवाज न चढवता लिहिलेली ही ओळ 'कोर्टात खेचू'पेक्षा जास्त लागते, कारण ऑडिटर नेमकं हेच विचारतो. खरेदी खात्याला फक्त प्रत पाठवली. तिथला माणूस रोज तात्यांकडून माल घेतो, त्याला उगाच तोंडघशी पाडायचं नव्हतं.

पत्र रजिस्टर पोस्टाने आणि ई-मेलने गेलं. परिषदेचा अर्ज तेव्हा 'समाधान' पोर्टलवर भरता येत होता आणि पुरवठादाराच्या भागातली परिषद तो ऐकते, म्हणजे खरेदीदार कुठलाही असला तरी तात्यांना त्याच्या गावी जावं लागत नाही. कागदावर ९० दिवसांत निकाल, प्रत्यक्षात वेळ लागतो, हेही मी त्यांना सांगितलं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही बिलांचं मुद्दल जमा झालं. पाठोपाठ एक मेल: 'सर्व रक्कम मिळाली, काही बाकी नाही, असे पत्र द्यावे.' तात्या आनंदात होते, सहीच करणार होते. माझ्यामुळे थांबले. त्या कागदावर सही झाली असती, तर व्याजाचा दावा त्यांच्याच हाताने संपला असता. आम्ही उत्तर दिलं: 'मुद्दलाची रक्कम मिळाली, आभारी आहोत. व्याजाची रक्कम येणे बाकी आहे.' त्यावर कंपनीच्या मॅनेजरचा फोन आला, जानेवारीत बसून बोलू म्हणाला. तात्यांनी मला विचारलं, "कितीवर यायचं?"

मी सांगितलं, तो आकडा तुमचा, पण ठरेल ते लेखी घ्या, आणि ते घेऊन माझ्याकडे या.